विरजणाची माती

माती विकत घ्यायची असते हे मला वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षापर्यंत मान्य नव्हतं. पाणी विकत घेतो ते ठीक आहे. इथे हैदराबादेत आमच्या नल्लकुंट्याला उन्हाळ्यात टँकर येतो, सगळेच घेतात. पण आमचं घराणं शेतकऱ्याचं. माती पिशवीत, पिशवीवर फुलाचं चित्र, आणि ती मी दुकानात जाऊन मागायची, हे मला जमणारं नव्हतं.

शेत नांदेडकडे होतं. तिघा भावांत एकही कसणारा उरला नाही. एक पुण्याला, एक वारला, आणि मी तरुणपणीच हैदराबादेत येऊन दिलसुखनगरला नळाच्या सामानाचं दुकान टाकलेलं. शेत विकलं त्या दिवशी मी विहिरीजवळच्या तुकड्यातली काळी माती चौदा पोत्यांत भरली आणि टेम्पोत घालून इकडे आणली. घेणारा माणूस बांधावर उभा राहून बघत होता. मी सोनंबिनं पुरलेलं काढतोय असं त्याला वाटलं असावं, कारण दर पोत्याच्या वेळी तो एक पाऊल पुढे येत होता.

त्या चौदा पोत्यांवर आमची गच्ची उभी राहिली. बावीस कुंड्या. भेंडी, टमाटे, मिरची, एका टबात भुईमूग, तो हिच्या हौसेचा. ही म्हणजे माझी बायको. काळी माती नुसती कुंडीत घातली तर दगड होते, पाणी दिलं की चिखल आणि ऊन लागलं की भेगा, म्हणून मी तिच्यात रेती आणि शेणखत मिसळत असे. हे मला कुणी शिकवलेलं नाही. चौथीपर्यंत शाळा झाली, तीत शेतीचा धडा नव्हता.

माझी पद्धत अशी होती. हंगाम संपला की बावीसही कुंड्या गच्चीवर उपड्या करायच्या, सगळी माती एका ढिगात मिसळायची आणि परत भरायची. म्हणजे एका कुंडीला चांगली आणि दुसरीला वाईट असा अन्याय नको. जुनी झाडं बारीक तोडून, मुळांसकट, खताच्या ड्रममध्ये. काही वाया जाऊ द्यायचं नाही. नऊ वर्षं असं चाललं आणि नऊ वर्षं आमच्या घरात भेंडी बाजारातून आली नाही. हे मी भेटेल त्याला सांगत असे. लोकांनी विचारलेलं असायचंच असं नाही.

दहाव्या उन्हाळ्यात भेंडी दुपारची मान टाकायला लागली. पाणी घातलेलं असायचं, माती ओली असायची, तरी बारा वाजता पानं फडक्यासारखी लोंबायची. संध्याकाळी परत उभी. दुसऱ्या दिवशी तेच. हळूहळू खालची पानं पिवळी पडली, झाडं गुडघ्याएवढी होऊन थांबली. भेंड्या आल्या त्या करंगळीएवढ्या आणि वाकड्या.

मी आधी हिला दोष दिला. ती तांदळाचं धुवण झाडांना घालत असे. ती म्हणाली, तेच धुवण भुईमुगालाही जातं, तो तर टबाबाहेर आलाय. हे खरं होतं, म्हणून मी पाण्याच्या टाकीच्या सावलीला दोष दिला. टाकी तीस वर्षं तिथेच होती.

शेवटी एक झाड उपटून बघितलं. मुळांना गाठी होत्या. पुष्कळ गाठी. काही मोहरीएवढ्या, काही बोराएवढ्या, काही ठिकाणी तर एकात एक मिसळून आल्याच्या गड्ड्यासारखं वेडंवाकडं झालेलं.

मला आनंद झाला. हे लिहायला नको, पण झाला. हरभऱ्याच्या मुळांना गाठी, तुरीच्या मुळांना गाठी, आणि गाठी असल्या की जमिनीत कस आहे हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत. वडील हरभरा उपटून मुळं दाखवायचे आणि म्हणायचे, बघ, रान खूश आहे. इथे तर भेंडीच्या मुळांना गाठी. म्हणजे माती इतकी कसदार की डाळीचं काम भेंडी करायला लागली. झाड खुरटं राहिलं ते उन्हाने. पुढच्या हंगामात बघा, असं मी हिला सांगितलं. ती काही बोलली नाही. पन्नास वर्षं संसार झाला की गप्प बसण्याचेही प्रकार कळतात. हा मान्य नसल्याचा होता.

गाठीवाली माती मी वेगळी काढली. दोन घमेली. तिला मी विरजण म्हणायला लागलो. दुधात चमचाभर दही घालतात तसं, कुठल्याही मातीत ही मूठभर घातली की ती माती आमच्या शेताची होणार.

आमच्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर एक बाई राहतात. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, माहेर बरकतपुऱ्याच्या जुन्या वकील घराण्यातलं. घरात पुस्तकांचं कपाट, मराठी अशी बोलतात की आपण आपलं वाक्य परत तपासावं. त्यांनी गॅलरीत टमाटे लावले होते आणि ते वाढत नव्हते म्हणून त्या मला विचारायला आल्या. शिकलेली बाई मला विचारायला आली. मी त्यांना विरजण दिलं, अर्धं घमेलं, आणि ते कसं मिसळायचं यावर पंधरा मिनिटं सांगितलं. समोरच्या बिल्डिंगमधल्या दोन घरांनाही दिलं. कुणाला नाही म्हटलं नाही.

आता खालच्या म्हाताऱ्याचं सांगतो. तळमजल्यावर राहतो, तेलुगू माणूस, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, पण म्हातारा मी त्यालाच म्हणतो. तो शेतकी कॉलेजच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं नोकरीला होता. काय करायचा, तर काचेच्या नळ्या धुवायचा आणि माती पाण्यात कालवून बारीक चाळणीतून गाळायचा. शिक्षण माझ्याएवढंच. तो तेलुगू, मी मराठी, आमची भाषा मग ती हैदराबादची, जी दोघांचीही नाही आणि दोघांनाही येते. मला तो बडे भाई म्हणतो. मान देतो की चिडवतो हे मी अजून ठरवलेलं नाही.

त्या पावसाळ्यात मी गच्चीवर माती मिसळत होतो आणि तो कपडे वाळत घालायला आला. ढिगाच्या बाजूला भेंडीची उपटलेली झाडं पडली होती. त्याने एक उचललं, मुळं झटकली आणि बराच वेळ बघितलं. मग म्हणाला की ही सगळी माती फेकून द्या.

मी हसलो. हरभऱ्याची गोष्ट त्याला सांगितली. वडिलांचीही सांगितली. त्याने ऐकून घेतलं. मग न विचारता हिच्या टबातला भुईमूग उपटला. ही तिथेच होती, तिनेही काही म्हटलं नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. भुईमुगाच्या मुळांवर बारीक गोल गाठी होत्या. त्याने नखाने एक घासली, ती मुळावरून टपकन निघाली. चिरडली, आत गुलाबी. मग भेंडीचं मूळ माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, निकालो. मी नखाने घासलं. निघेना. जोर लावला तर गाठीसकट मूळच तुटलं. गाठ मुळावर बसलेली नव्हतीच. मूळच तिथे सुजलेलं होतं.

"वो जड पे मेहमान बैठा है, बडे भाई," तो भुईमुगाकडे बोट दाखवून म्हणाला, आणि मग भेंडीकडे. "ये जड खुद बीमार है."

त्याने जे सांगितलं ते असं. मातीत किडे असतात, दोऱ्याच्या तुकड्यासारखे, पण इतके बारीक की डोळ्याला दिसत नाहीत. मुळाच्या शेंड्यातून आत शिरतात आणि तिथेच राहतात. मादी आत फुगते, तिच्याभोवती मूळ फुगतं, ती गाठ. एक मादी शेकडो अंडी घालते. ती मातीत सुटतात, किडे निघतात, परत मुळात. उन्हाळ्यात हा फेरा एका महिन्यात पुरा होतो. मूळ असं गाठाळलं की त्यातून पाणी नीट वर चढत नाही, म्हणून झाड दुपारी मान टाकतं, पाणी घातलेलं असलं तरी. भेंडी, टमाटे, वांगी, मिरची ही त्यांची आवडती. भुईमुगाला इकडचा हा किडा सहसा शिवत नाही. त्याने ते मोठं करून दाखवणाऱ्या यंत्राखाली पाहिले होते, साहेब लोक घरी गेल्यावर. नंतर माझ्या नातीने फोनवर शोधून त्याचं मराठी नाव वाचून दाखवलं. तिला मराठी वाचायला त्रास होतो, दोनदा अडखळली. सूत्रकृमी.

उपाय म्हणून त्याने सांगितलं: माती जाऊ द्या, मुळं खताच्या ड्रममध्ये टाकू नका, कचऱ्यात द्या, ड्रममधलं खतही गेलं समजा. कुंड्या घासून उकळत्या पाण्याने धुवा, उन्हात ठेवा. खुरपं, घमेलं सगळं धुवा. नवी माती आणा.

मी म्हटलं, ही आमच्या शेताची माती आहे.

तो म्हणाला, शेताची असेल, पण आता किड्यांची आहे.

मी त्याच्याशी दोन आठवडे बोललो नाही. जिन्यात भेटला तर मी टाकीचं पाणी किती आलंय ते बघायला वर जात असे. टाकी एवढ्या वेळा कुणी बघितली नसेल. आणि मी माती फेकली नाही. तीच भरली, टमाटे लावले, भरपूर निंबोळी पेंड घातली. दसऱ्याला झाडं बरी दिसत होती. संक्रांतीपर्यंत पेंडीचा जोर सरला, टमाट्यांची पानं पिवळी पडली आणि फळं लिंबाएवढी राहिली. उपटलं. मुळं म्हणजे रुद्राक्षाची माळ.

त्याच सुमाराला पहिल्या मजल्यावरच्या बाई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, यंदाही टमाटे गेले. मग म्हणाल्या की आता कुंड्या कुणाला तरी देऊन टाकणार आहे. "माझ्या हाताला झाड लागत नाही हो," त्या म्हणाल्या. "तुमची एवढी चांगली माती दिलीत, तीसुद्धा वाया घालवली."

तेव्हा मी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, होतं कधीकधी असं. आणि वर आलो.

जेवलो नाही फारसा. दुसऱ्या दिवशी हिला म्हटलं की नवी माती आणू. ती चहा गाळत होती, म्हणाली, आणा. पन्नास वर्षांत मी स्वतःहून हार मानल्याचा हा पहिला प्रसंग असावा आणि ती चहा गाळत राहिली.

तारनाक्याच्या बाजूच्या नर्सरीतून लाल माती आणली, नारळाचा भुसा आणि गांडूळखत. पिशवीवर फुलाचं चित्र होतंच. जुनी माती पोत्यांत भरून जिन्याखाली ठेवली. ती टाकायची कुठे हे ठरलेलं नव्हतं, किंवा मला ठरवायचं नव्हतं. कुंड्या हिने सोड्याने घासल्या, म्हाताऱ्याने आपल्या घरून बंबातलं उकळतं पाणी आणून ओतलं. तो आणि मी बोलायला लागलो होतो, माफी वगैरे काही न होता. त्याने विचारलं, टाकी भरली का. मी म्हटलं, भरली. झालं.

आता मी काय केलं ते सांगतो, कारण ही गोष्ट त्याचीच आहे.

कुंड्या भरल्या, भेंडीचं बी टोकायचं होतं. म्हातारा खाली गेला. ही स्वयंपाकाला गेली. मी जिन्याखालच्या पोत्यातून एक घमेलं जुनी माती वर नेली आणि प्रत्येक कुंडीत एक मूठ घातली. फक्त मूठ. लाल मातीत ती काळी मूठ मिसळली की दिसतही नव्हती. मी काय म्हणत होतो मनात, ते सांगतो. म्हटलं, किडे असतील तर ते पोतंभर मातीत असतील, मुठीत किती असणार. आणि दुसरं म्हटलं, शेत एवढंच उरलंय. तेही कचऱ्यात टाकलं तर मी नुसता नळाच्या सामानाचा दुकानदार.

एक कुंडी मात्र उरली. हिचा तेलाचा पत्र्याचा डबा. तो तिने आधीच भरून बी लावून टाकला होता, मी दुकानावर एका गिऱ्हाइकाशी भांडायला गेलो होतो तेव्हा. परत आलो तेव्हा मी तिला म्हटलंही, विरजणाशिवाय दही लागतं का? ती म्हणाली, लागलं तर लागलं.

दोन महिने सगळी भेंडी हिरवीगार होती. मी म्हाताऱ्याला रोज वर बोलावून दाखवत असे. एप्रिल निम्मा उलटला आणि एका दुपारी बारा वाजता मी वर गेलो, तर तीन झाडांनी मान टाकली होती. दुसऱ्या दिवशी सात. पत्र्याच्या डब्यातलं झाड कमरेएवढं होतं आणि ताठ. मी हिला म्हटलं, तुझ्या डब्याला सकाळचं ऊन जास्त लागतं. ती म्हणाली, हो का.

म्हाताऱ्याला कोड्यात पडल्यासारखं झालं. त्याने नर्सरीच्या मातीवर संशय घेतला. नर्सरीवाल्याला शिव्या देऊया असं म्हणाला. मला बरं वाटलं. तो म्हणाला की उद्या सकाळी सगळी झाडं काढून मुळं बघू, आणि त्याच मातीची एक पिशवी नर्सरीवाल्याकडे घेऊन जाऊ.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही तिघं गच्चीवर होतो. म्हाताऱ्याने झाडं हळू काढली, ओढली नाहीत, पाण्याच्या बादलीत बुचकळून मुळं धुतली आणि जुन्या वर्तमानपत्रावर ओळीने मांडली, प्रयोगशाळेत मांडत असेल तशी. पहिलं, गाठी. दुसरं, गाठी. कमी होत्या, बारीक होत्या, पण होत्या, आणि गंमत म्हणजे सगळ्या मुळांवर सारख्या नव्हत्या. एका बाजूला दाट, दुसऱ्या बाजूला जवळजवळ काही नाही. म्हातारा ते बघत बसला. त्याला ते कळेना. मला कळत होतं. ज्या बाजूला मूठ पडली ती बाजू.

मग त्याने पत्र्याचा डबा आडवा केला. हिने तेवढ्यात म्हटलं, माझं झाड नका काढू, त्याला भेंड्या आहेत. म्हातारा म्हणाला, अम्मा, एकच बघू द्या. नुसती बाजूची माती उकरून त्याने मुळं उघडी केली. पांढरी. दोऱ्यासारखी सरळ, एक गाठ नाही. तीच नर्सरीची माती, तीच पिशवी.

तो माझ्याकडे बघत होता. त्याने विचारलं की बडे भाई, यात आणि त्यात फरक काय?

मी म्हटलं, ऊन.

ही खाली बसून पानं गोळा करत होती. मान वर न करता मराठीत बोलली, म्हणजे त्याला कळू नये म्हणून, पण तीस वर्षं शेजारी राहून त्याला सगळं कळतं. "सांगा आता. जिन्यावर काळी माती सांडली होती. मीच झाडली."

म्हणजे तिला तीन महिने माहीत होतं.

मी सांगितलं. प्रत्येक कुंडीत एक मूठ. म्हातारा रागावला नाही, हे जास्त वाईट होतं. त्याने वर्तमानपत्रावरच्या मुळांकडे बघितलं आणि मान हलवली, जणू त्याचा हिशेब जुळला. मग म्हणाला, त्यांच्या साहेबांनाही असंच करावं लागायचं, एका कुंडीत घालायची, एका कुंडीत नाही, मग कळायचं. "आपने तो बिना पगार के एक्सपेरिमेंट करा दिया."

मी म्हटलं, एकवीस कुंड्यांत केलं.

"हौ. साहेब लोक चार में करते थे."

मग मी दुसरी गोष्ट सांगितली, जी त्याला माहीत नव्हती. पहिल्या मजल्यावर अर्धं घमेलं. समोर दोन घरं.

त्याने वर्तमानपत्राची गुंडाळी करून कचऱ्याच्या काळ्या पिशवीत टाकली आणि पिशवीला दोन गाठी मारल्या. हात धुतले. मला म्हणाला, तुम्हीही धुवा, मग जा.

समोरची दोन घरं सोपी होती. एकाने भेंडी कधीच लावली नव्हती, माती कोपऱ्यात तशीच पडली होती, ती मी परत आणली. दुसरे भाडेकरू होते, घर सोडून गेले होते. पहिल्या मजल्यावर मी तीनदा बेलपर्यंत जाऊन आलो. चौथ्यांदा दार उघडंच होतं.

बाई वर्तमानपत्र वाचत होत्या. मी उभाच राहिलो. म्हटलं, तुमचे टमाटे गेले ते माझ्या मातीने गेले. मातीत रोग होता. मी कस समजलो. त्यांनी मला बसायला सांगितलं, मी बसलो नाही. मी भुईमुगाच्या गाठीचं आणि भेंडीच्या गाठीचं सगळं सांगितलं, नखाने कसं घासून बघायचं तेही. बोलताना वाटत होतं की मी परत शिकवतोय, पण थांबता येईना.

त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या हातात काही दोष नाही?"

मी म्हटलं, नाही.

"मी हे वर्षभर समजत होते हो."

तेवढंच. रागाने बोलल्या नाहीत. मी त्यांच्या गॅलरीतल्या पाचही कुंड्या उचलून वर नेल्या. त्या नको म्हणत होत्या, पण तेवढं मला करू दिलं.

राहिली माती. चौदा पोत्यांची वाढून एकवीस पोती झाली होती, आणि नवी लाल मातीही आता जुनीच्याच जातीची. म्हातारा म्हणाला की बागेत, रस्त्याच्या कडेला, नाल्यात कुठेही टाकू नका, जिथे झाड उगवेल तिथे हे किडे पोचतील. आमच्या गल्लीच्या टोकाला एक अपार्टमेंट बांधत होते. खाली गाड्या लावायची जागा करायची म्हणून भराव चालला होता, त्यावर काँक्रीट पडणार होतं. मी मेस्त्रीला विचारलं, भरावाला माती चालेल का. तो म्हणाला, काळी माती नक्को, काळी माती फुगते, फरशी फुटते. मी म्हटलं, ही नऊ वर्षं रेती मिसळलेली आहे, आणि थोडीच आहे. त्याने मूठभर घेऊन चोळून बघितली, लोखंडाच्या सळ्यांमधून वाकून एका खोल कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे टाका, म्हणाला.

दोन मजुरांनी पोती नेली. मी तिथे काँक्रीट पडेपर्यंत उभा राहिलो. मे महिन्याचं ऊन होतं. मेस्त्री दोनदा येऊन म्हणाला, चाचा, घर जाओ, पोती मोजून घेतली आहेत. मी मोजायला उभा नव्हतो. पण त्याला तसं वाटू दिलं.

कुंड्या महिनाभर गच्चीवर उपड्या पडून भाजल्या. घमेलं आणि खुरपंसुद्धा. मिरगाच्या आसपास परत नर्सरीत गेलो. नर्सरीवाला टमाट्याची रोपं पिशवीतून काढून देत होता. मी एक रोप घेतलं, माती झटकली आणि मुळं बघितली. मग दुसरं. म्हाताऱ्याने सांगितलं होतं की किडा अशा रोपातूनही आला असेल, पहिल्यांदा. हे मला पटलं होतं. शेतावरून आला असं तो म्हणाला नाही याबद्दल मी त्याचा आभारी आहे, तसं त्याला बोललो नाही. सहाव्या रोपाला नर्सरीवाला म्हणाला, बाबा, रोप घ्यायला आलात की मुलगी बघायला. मी म्हटलं, मुळं बघितल्याशिवाय मी घेत नाही. अजूनही घेत नाही. तो मला आता लांबून बघितलं की रोपं स्वतःच झटकून ठेवतो.

बाईंच्या पाच कुंड्या मी धुऊन, भरून खाली नेऊन दिल्या. काही मिसळलं नाही. म्हाताऱ्याला साक्षीला उभं केलं होतं. त्यालाही ते फार वाटलं.

गणपतीच्या सुमारास बाई वर आल्या. वाटीत चार टमाटे. लाल, पेरूएवढे. त्यांनी ते हिच्या हातात दिले आणि मला म्हणाल्या की झाड उपटून मुळं बघायची त्यांना भीती वाटते, म्हणून बघितली नाहीत. मी म्हटलं, मी बघतो. खाली गेलो. सगळ्यात लहान झाडाच्या बाजूची माती बोटाने उकरली. पांढरी मुळं होती, बारीक, कुंडीच्या कडेने गोल फिरलेली. बाईंना वाकून बघायला सांगितलं. त्यांनी चष्मा लावून बघितलं.

"काही नाही," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, हो, काही नाही, आणि माती परत लोटून दाबली.

वर जाताना म्हातारा जिन्यात बसला होता. टाकी भरली का, त्याने विचारलं. मी म्हटलं, बघतो.